आबांचा चेहरा, तिरकी टोपी आणि वॉर्प टूल: पंधरा दिवसांच्या कामाची नोंद (सांगली)

आईच्या लग्नातला, १९९१ चा ग्रुप फोटो. मागच्या ओळीत माझे आजोबा, म्हणजे आबा. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा ही फ्रेम दोन दिवस पाण्यात होती. नंतर मामांनी वाळल्यावर फोटो काचेवरून ओढून काढला आणि आबांचा चेहरा काचेलाच राहिला. बाकी सगळे जण जवळजवळ धड आहेत. आता कुठं मी ते काम हातात घेतलंय. मी फोटो स्टुडिओवाला नाही, हिशेबाची कामं करतो, फोटोशॉप हौसेनं शिकलोय. दुसऱ्या फोटोतला आबांचा चेहरा आणून इथं बसवायचा आहे, पण त्या फोटोत ते सरळ बघतायत आणि इथं मान तिरकी, वळलेली आणि थोडी खाली. सगळा वेळ त्यातच गेला म्हणून फक्त तेवढंच सविस्तर लिहितोय, रंग आणि डाग घालवण्याचं काम बऱ्याच जणांना येतं.

२ जून

स्कॅन केला. प्रिंट ८ बाय १० ची आहे, त्यात आबांचं डोकं टोपीच्या कडेपासून हनुवटीपर्यंत जेमतेम १४ मिलिमीटर. १२०० डीपीआयला स्कॅन केल्यावर तेवढ्या भागाला साधारण ६६० पिक्सेल मिळाले, पुरेत. ६०० ला केला असता तर निम्मे झाले असते आणि पुढं वॉर्प करताना सगळं मऊ पडलं असतं.

काय शिल्लक आहे ते आधी नीट बघितलं. टोपी पूर्ण आहे, कपाळाची एक पट्टी आहे, फोटोत आपल्या उजव्या हाताला दिसणारा कान आहे, हनुवटी आहे आणि खालचा ओठ दोन्ही कोपऱ्यांसकट आहे. भुवयांपासून मिशीपर्यंत मात्र पांढरा चट्टा. म्हणजे मला पूर्ण डोकं बसवायचं नाहीच, मधला मुखवटा तेवढा बसवायचाय. हे त्या दिवशी लक्षात आलं म्हणून बरं, कारण कान जागेवर आहे म्हणजे मान किती वळली होती त्याचा पुरावा फोटोतच आहे आणि खालचा ओठ आहे म्हणजे मी आणलेला ओठ त्याच्यावर बरोबर बसला की काम जमलं, नाही बसला की कुठंतरी चुकलं. एवढी सरळ तपासणी सगळ्यांना मिळत नाही. तुमच्या फोटोत जे काही शिल्लक असेल, कानाची पाळी असो नाहीतर कॉलर, ते पुसू नका, अगदी शेवटपर्यंत ठेवा.

४ जून

मूळ चेहरा कुठला घ्यायचा. तीन फोटो मिळाले.

पहिला २००९ चा, आत्तेभावानं मोबाईलवर अगदी जवळून काढलेला. सगळ्यात स्वच्छ तोच आहे, म्हणून आधी तोच घेतला आणि दोन तास घालवले. नाक एवढं मोठं दिसत होतं की कितीही आवळलं तरी आबा वाटेनात. नंतर डोक्यात उजेड पडला. मोबाईल नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान तिथून आणखी १२ सेंटिमीटर मागं, म्हणजे ५२ वर. नाक कानाच्या मानानं ३० टक्के मोठं येणार. लग्नाचा फोटोग्राफर चार मीटरवर उभा होता, तिथं हाच फरक ३ टक्के. हे मान वाकडी असण्याचं प्रकरणच नव्हे, कॅमेरा जवळ असल्याचं आहे आणि नुसतं फिरवून ते जाणार नाही. शिवाय वय १८ वर्षांनी जास्त. तो फोटो बाजूला.

दुसरा सोसायटीच्या कर्जाच्या फॉर्मसाठी स्टुडिओत काढलेला पासपोर्ट फोटो, १९८९ च्या आसपासचा, टोपी काढलेली, रंग उडालेला. स्टुडिओवाला दोन मीटर लांब तरी असणार. ६०० डीपीआयला स्कॅन केल्यावर चेहरा ७०० पिक्सेलच्या वर आला, म्हणजे मला तो लहान करायचाय, मोठा नाही. हा घेतला.

तिसरा लग्नातलाच, पण आबा पूर्ण एका बाजूनं दिसतायत, पंगतीत वाढताना. बसवायला काही उपयोग नाही म्हणून टाकून देणार होतो. पुढं तोच कामी आला.

५ जून

मान किती तिरकी आहे ते मोजलं. फोटोशॉपमध्ये रुलर टूल असतं (आयड्रॉपरच्या खाली दडलेलं), त्यानं रेघ ओढली की वर A समोर कोन दिसतो. टोपीची खालची कड धरून मोजलं, ९.५ अंश आलं. पासपोर्ट फोटोतही आबांची मान २ अंश उलट्या बाजूला कललेली होती, हे बहुतेक लोक बघतच नाहीत, डोळ्यांच्या दोन बाहेरच्या कोपऱ्यांवरून रेघ ओढा की कळतं. म्हणजे एकूण ११.५ अंश फिरवायचं. फिरवलं, लहान केलं, जागेवर ठेवलं.

डोळे टोपीला अगदी समांतर आले, छान वाटलं, पण खालचा ओठ काही केल्या जुळेना. ओठाचा एक कोपरा बसवला की दुसरा वर उचलला जायचा. मी काय केलं तर ओठच वॉर्पनं ओढून बसवला. त्यामुळं चेहरा असा दिसायला लागला की दात काढायच्या डॉक्टरकडनं आलेत.

संध्याकाळी आईला दाखवला. ती म्हणाली, "आबांची मान एवढी कुठं वाकडी असायची? टोपी तिरकी घालायचे ते, कायम."

झालं. टोपी डोक्यावर आडवी असते हे मी गृहीत धरलं होतं. त्याच दिवसाचे आणखी दोन फोटो काढून बघितले, दोन्हीत टोपी डोळ्यांच्या रेषेपेक्षा तीन-चार अंश जास्त तिरकी. मग शिल्लक राहिलेल्या खालच्या ओठाच्या दोन कोपऱ्यांवरून मोजलं. ६ अंश. एवढंच खरं होतं. ६ आणि पासपोर्टमधले २, मिळून ८ अंश फिरवायचं. ओठ न ओढता जवळजवळ बसला.

टोपी, चष्मा, फेटा, कुंकवाची चिरी, असलं काही धरून मान मोजू नका. हाडाला चिकटलेलं जे आहे तेच धरा. डोळ्यांचे कोपरे, ओठांचे कोपरे.

एक पूर्ण दिवस गेला.

७ जून

आता वळलेली मान. लग्नाच्या फोटोत आबांचा चेहरा आपल्या डाव्या बाजूला, आईकडं वळलेला आहे. फार नाही, दहा-बारा अंश असेल. मी विचार केला, एक गाल जवळ आणि एक लांब, म्हणजे जवळची बाजू उंच आणि लांबची बाजू बुटकी करायची. Ctrl+T, राईट क्लिक, Perspective, आणि उजवी कड ८ टक्के उंच केली. रुंदीही थोडी आवळली.

भावाला दाखवलं तर तो म्हणाला, "हे निवडणुकीच्या फ्लेक्ससारखं दिसतंय, कडेनं बघितल्यावर दिसतं तसं."

बरोबर बोलला की! परस्पेक्टिव्ह टूल सपाट वस्तूसाठी आहे. दुकानाची पाटी, भिंत, दरवाजा. त्याला चेहरा म्हणजे एक पुठ्ठा वाटतो आणि तो पुठ्ठा ते फिरवतं. नाक पुढं आहे, कान मागं आहेत हे त्याला कुठनं कळणार. आणि तो ८ टक्क्यांचा आकडा तर मी मनानंच घेतला होता. हिशेब करून बघितला: चेहरा १४ सेंटिमीटर रुंद धरला आणि १२ अंश वळवला तर एक गाल दुसऱ्यापेक्षा ३ सेंटिमीटर जवळ येतो. कॅमेरा ४०० सेंटिमीटरवर. ४०० त ३ म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. रुंदीही वळल्यामुळं जेमतेम २ टक्के कमी होते. म्हणजे ग्रुप फोटोत मान वळली की चेहऱ्याची कड बदलतच नाही म्हणा ना. मग वळलेला चेहरा आपल्याला वळलेला दिसतो कशामुळं, हे मला त्या रात्री काही सांगता येईना.

मधे एक शहाणपणा केला तोही लिहितो. पासपोर्ट फोटोत आबा किंचित उजवीकडं वळलेत असं वाटलं म्हणून पूर्ण चेहरा आडवा उलटा केला, म्हणजे निदान वळण तरी बरोबर बाजूला येईल. मावशी आली होती विश्रामबागेतून, तिनं दोन सेकंदात सांगितलं, "हे आबा न्हाईत." का ते तिला सांगता येईना. भुवईवरचा तीळ दुसऱ्या बाजूला गेला होता, मिशीचं जे टोक खाली वळायचं ते वर गेलं होतं. उलटा करायचा नाही, काहीही झालं तरी. घरच्या माणसाला कारण कळत नाही पण माणूस दुसराच आहे हे कळतं.

१० जून

आज खरं काम झालं आणि फोटोशॉप उघडलंही नाही.

आईच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि धाकट्या भावाच्या चेहऱ्यावर टिकल्या चिकटवल्या. डोळ्यांचे चार कोपरे, दोन डोळ्यांच्या मधे एक, नाकाच्या शेंड्याला एक, वरच्या ओठाच्या मधोमध एक, हनुवटीला एक. गच्चीत भिंतीला टेकून उभा केला, चार मीटर मोजून मोबाईल स्टुलावर ठेवला आणि झूम केला. पहिला फोटो अगदी सरळ. मग त्याच्या समोर लग्नाच्या फोटोची प्रिंट धरली आणि सांगितलं तुझा कान तेवढाच दिसू दे जेवढा आबांचा दिसतोय, हनुवटी तेवढीच खाली. पाचव्या प्रयत्नाला जमलं. शेजारच्या काकू जिन्यात थांबून बघत होत्या, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

दोन्ही फोटो एकावर एक टाकले, दुसरा फिरवून डोळे आडवे केले (तिरकेपणा वेगळा हाताळायचा आहे म्हणून) आणि दोन्ही अशा मापात आणले की सरळ फोटोत डोळ्यापासून डोळ्याचं अंतर २४५ पिक्सेल येईल, कारण आबांच्या चेहऱ्याचं तेवढंच येतंय. डोळ्यांच्या मधली टिकली एकावर एक ठेवली. आता बाकीच्या टिकल्या कुठं सरकल्या ते मोजायचं.

नाकाच्या शेंड्याची टिकली २२ पिक्सेल डावीकडं आणि १४ खाली गेली. वरच्या ओठाची १२ डावीकडं. लांबच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा १५ पिक्सेल आत आला, जवळच्या डोळ्याचा ७ बाहेर गेला, आणि दोन्ही बाहेरचे कोपरे मधल्या टिकलीच्या मानानं ८-८ पिक्सेल वर गेले.

हे समोर आल्यावर उत्तर मिळालं. वळलेली मान म्हणजे कड नाही, नाक. जे पुढं आलेलं आहे ते वळलेल्या बाजूला सरकतं, जेवढं जास्त पुढं तेवढं जास्त सरकतं, आणि जे मागं आहे ते उलट्या बाजूला जातं. मी चेहऱ्याची कड ओढत बसलो होतो आणि नाक मधेच ठेवलं होतं. मान खाली असल्याचंही तसंच, चेहरा आखूड करायचा नसतो, नाकाचा शेंडा मिशीवर उतरतो आणि डोळ्यांची रेघ वाटीसारखी होते, मधे खाली आणि कडेला वर. कान तर आणखी वर चढतात. कॅमेरा खालून असता किंवा मान वर असती तर हीच रेघ कमानीसारखी झाली असती.

आता तो पंगतीतला बाजूचा फोटो. आबांचं नाक भावापेक्षा लांब आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, पण किती? बाजूच्या फोटोत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत आडवं मोजलं, भावाचाही बाजूनं एक फोटो काढून तसंच मोजलं, दोघांची डोळ्यापासून हनुवटीपर्यंतची उंची सारखी करून. आबांचं साधारण पाचव्या हिश्श्यानं जास्त. म्हणून नाकासाठी २२ ऐवजी २६ आणि १४ ऐवजी १७ धरले.

खर्च: टिकल्यांचं पाकीट दहा रुपये, आणि भावाला भेळ.

११ जून

प्रत्यक्ष वॉर्प. ज्या क्रमानं जमलं तो लिहितो.

पासपोर्टच्या चेहऱ्याचा लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट केला. २ अंशांचा कल काढून चेहरा उभा सरळ केला आणि सरळ असतानाच वॉर्प केला, तिरका अगदी शेवटी करायचा. वर एक वेगळा लेयर घेऊन त्यावर टिकल्यांच्या नव्या जागा लाल ठिपक्यांनी मांडल्या.

Ctrl+T, राईट क्लिक, Warp. २०२० च्या आवृत्तीपासून ग्रिडमधे आपल्याला हवी तिथं रेघ टाकता येते. एक उभी रेघ नाकाच्या मधून टाकली आणि दोन आडव्या, एक डोळ्यांवरून, एक वरच्या ओठावरून. मग डोळ्यांची रेघ वाटीसारखी केली आणि दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे लाल ठिपक्यांवर आणले. इथं नाकाला हात लावला नाही. ग्रिडनं नाक ओढलं की गालही सोबत येतात आणि सगळा चेहरा वाऱ्यावर उडाल्यासारखा दिसतो, हे मी दोनदा करून बघितलं.

नाक लिक्विफायमधे. फॉरवर्ड वॉर्प टूल, ब्रश २६० पिक्सेल म्हणजे नाकाच्या लांबीपेक्षा मोठाच, प्रेशर २५. ब्रशचा मधला भाग शेंड्यावर ठेवून चार-पाच छोट्या ढकलण्यांत २६ पिक्सेल डावीकडं आणि १७ खाली. पहिल्यांदा मी ८० चा ब्रश आणि प्रेशर १०० घेतलं होतं, तर शेंडा सरकला आणि नाकाचा दांडा तिथंच राहिला, मोडलेलं नाक. मोठा ब्रश घेतला की दांडा वरून खाली हळूहळू वळतो, डोळ्यांमधे शून्य आणि शेंड्याला पूर्ण, तसंच हवंय. मिशीचा मधला भाग नंतर १२ पिक्सेल. डोळ्यांवर आधी फ्रीझ मास्क मारून ठेवला, नाहीतर एवढ्या मोठ्या ब्रशनं बुबुळ अंडाकृती होतं. बुबुळ गोल नसलं की माणूस आजारी दिसतो.

लिक्विफायमधे चेहरा ओळखून डोळे-नाक-ओठ बदलायचे स्लायडर आहेत, ते या कामाचे नाहीत. त्यात नाक रुंद, अरुंद, वर, खाली होतं, पण बाजूला सरकत नाही. आणि ओठाचा स्लायडर चुकून हलला तर आबा हसायला लागले. आबा फोटोत हसत नसत.

नाक सरकल्यावर एक गोष्ट हातानं करावी लागली. लांबच्या बाजूची नाकपुडी नाकाच्या आड जायला पाहिजे, वॉर्प ती लपवत नाही, फक्त दाबतो. तिथं क्लोन स्टँपनं गालाची कातडी घेऊन निम्मी नाकपुडी झाकली. हीच या पद्धतीची मर्यादा. वॉर्प असलेलं सरकवतो, जे आड गेलं ते पुसत नाही आणि जे नव्यानं दिसायला हवं ते आणत नाही. दहा-बारा अंशांपर्यंत हे हातानं निभावतं. पंधराच्या पुढं गेलं तर दुसरा फोटो शोधा, मी भावाच्या फोटोवर २५ अंशांचा प्रयत्न करून बघितला, लांबचा गाल कुठून आणायचा हाच प्रश्न उरतो.

पूर्ण झाल्यावर या सगळ्यालाच परत एकदा स्मार्ट ऑब्जेक्ट केलं, म्हणजे वॉर्प आणि लिक्विफाय आत बंद झाले. मग बाहेरच्या ऑब्जेक्टला माप लहान केलं आणि ६ अंश फिरवलं. खालचा ओठ आपोआप बसला! दोन्ही कोपरे, एक-दोन पिक्सेल इकडं तिकडं. मी खुर्चीतनं उठून चहा करायला गेलो.

चहा होईपर्यंत लाईट गेली. सेव्ह केलं नव्हतं.

१२ जून

परत सगळं. काल तीन तास लागले होते, आज पन्नास मिनिटं, कारण आकडे वहीत होते.

घाईत एक चूक केली ती उपयोगाची आहे म्हणून लिहितो. स्मार्ट ऑब्जेक्ट करायला विसरलो, साध्या लेयरवरच आधी ६ अंश फिरवून एंटर मारलं आणि मग वॉर्प उघडला. ग्रिड पानाला सरळ आली आणि चेहरा त्यात तिरका. आता "नाक डावीकडं" म्हणजे चेहऱ्याच्या डावीकडं नाही, कागदाच्या डावीकडं, म्हणून नाक सरकवलं की डोळ्याकडं चढायला लागलं. शिवाय साध्या लेयरवर प्रत्येक वेळी एंटर मारलं की पिक्सेल नव्यानं मोजले जातात आणि चित्र थोडं पुसट होतं. चार वेळा केल्यावर पापण्यांचे केस गेले. पुन्हा सुरुवातीपासून, स्मार्ट ऑब्जेक्ट करून, आधी वॉर्प, शेवटी तिरकं.

GIMP वापरणाऱ्यांसाठी: त्यात Warp Transform टूल आहे, नाकाचं काम त्यानं होतं, पण ही स्मार्ट ऑब्जेक्टची सोय निदान जुन्या आवृत्त्यांमधे मिळत नाही, म्हणून मूळ लेयरची कॉपी ठेवून शक्य तितक्या कमी वेळा ट्रान्सफॉर्म करा.

१४ जून

बसवणी. मास्क काळा करून फक्त भुवयांपासून वरच्या ओठापर्यंत पांढरा रंगवला. कान, टोपी, हनुवटी, खालचा ओठ, चेहऱ्याची बाहेरची कड, सगळं जुनंच. त्यामुळं कानाला वॉर्पच करावा लागला नाही. नाहीतर कान सगळ्यात लांब सरकतात आणि सगळ्यात लवकर खोटे दिसतात.

उजेडाचं थोडक्यात. लग्नात फ्लॅश समोरून, स्टुडिओत दिवा एका बाजूनं. नाकाच्या सावलीचा गाल डॉज-बर्ननं उजळ केला, अर्धा तास. हे न करता ठेवलं तर मान चुकीच्या बाजूला वळल्यासारखी वाटते, कारण डोळा सावलीवरूनही नाक कुठल्या बाजूला आहे ते ठरवतो. मी आधी परत वॉर्प करत बसलो होतो, चूक सावलीची होती. शेवटी नॉईज टाकून जुन्या प्रिंटचा रवाळपणा आणला.

एक गोष्ट राहिली होती, नजर. पासपोर्टमधे बुबुळं डोळ्याच्या मधोमध आहेत. चेहरा वळवला की नजरही चेहऱ्याबरोबर वळते, म्हणजे आबा कॅमेऱ्याकडं नाही तर आईच्या पलीकडं कुठंतरी बघायला लागले. बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत. बुबुळं ५ पिक्सेल उजवीकडं सरकवून बघितली, कॅमेऱ्याकडं बघायला लागले. दोन्ही फाईल ठेवल्या, आईलाच विचारायचं ठरवलं.

१६ जून

स्टेशन रोडवर ८ बाय १० च्या दोन्ही प्रिंट काढल्या. स्क्रीनवर जे दिसलं नव्हतं ते कागदावर दिसलं: नाक थोडं जास्तच खाली. मिशीला टेकल्यासारखं. परत येऊन १७ चे १४ केले. डोकं खाली असल्याचा कोन मी भावाच्या फोटोवरून घेतला होता आणि भावानं मान आबांपेक्षा जास्त घातली असणार, कान तेवढाच ठेवायच्या नादात. वळण कानावरून नीट कळतं, खाली किती ते कळायला कानाची आणि डोळ्याची उंची दोन्ही लागतात आणि माझ्याकडं डोळाच नव्हता. ते शेवटी नजरेनंच ठरवावं लागलं.

खर्च: तीन प्रिंट मिळून २७० रुपये, टिकल्या १०, भेळ ४०. फोटोशॉपचं महिन्याचं भाडं वेगळं, ते मी तसंही भरतो. वेळ सगळा मिळून २६ तास, त्यातले टोपीचे आणि फ्लेक्सचे मिळून ११ फुकट.

आईनं दोन्ही प्रिंट टेबलावर ठेवून बराच वेळ बघितल्या. मावशीला फोन लावला, व्हॉट्सॲपवर पाठवल्या. मावशी म्हणाली, कॅमेऱ्याकडं बघणारे. आई म्हणाली, न्हाई, त्या दिवशी आबा कुणाकडंच बघत नव्हते. बुबुळं न सरकवलेली प्रिंट फ्रेम करायला दिली. काच आणि फोटो यांच्यात या वेळी माउंट टाकायला सांगितलाय, म्हणजे फोटो काचेला चिकटणार नाही.